‘सात दिवसांत परत’ म्हणजे नेमकं कधीपर्यंत?

*ताई, आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात कोल्हापुरी चपला करतो. सासरे आणि दीर कातड्याचं काम बघतात, ऑनलाइन विक्री गेल्या वर्षापासून मी बघते. वेबसाइटवर परतीचं पान पाहिजे म्हणून एका मोठ्या दुकानाचं इंग्रजी पान उचलून टाकलं. त्यात ‘सात दिवसांत परत’ असं होतं. नाशिकच्या एका बाईंना जोड घट्ट झाला. त्यांनी सहाव्या दिवशी मेसेज केला, पण पार्सल आमच्याकडे आलं अकराव्या दिवशी. आम्ही पैसे द्यायला नाही म्हटलं. आता त्या ग्राहक मंचात जाते म्हणतात. आमचे मालक म्हणतात, सरळ ‘नो रिटर्न, नो रिफंड’ लिहून टाक. दहातल्या दोघांना साइज होत नाही, सगळ्यांना परत देत बसलो तर उरणार काय? नवीन पान कसं लिहू? मराठीत लिहिलं तर चालतं का?*
*— निपाणी भागातील एक वाचक*

‘सात दिवसांत परत’ हे तीन शब्द एखाद्या परक्या माणसाच्या नजरेनं वाचून बघा. सात दिवसांत काय करायचं? नुसतं कळवायचं, पार्सल कुरियरवाल्याच्या हातात द्यायचं, की ते निपाणीला तुमच्या दारात पोचवायचं? आणि सात दिवस मोजायचे कुठून, ऑर्डर दिल्यापासून की जोड हातात पडल्यापासून? नाशिकच्या बाईंनी ‘कळवायचं’ असा अर्थ घेतला, तुम्ही ‘पोचवायचं’ असा. दोन्ही अर्थ त्या शब्दांत बसतात. वाक्यातून दोन अर्थ निघाले तर ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचायचं, ही न्यायालयांची जुनी रीत आहे. पान तुमचं आहे, त्यामुळे मला त्या बाईंची बाजू धरावीशी वाटते. त्यांना काय कळवायचं ते शेवटी सांगते, आधी पानाचं बघू.

तुमच्या मालकांचा उपाय सोपा दिसतो, पण तो तुम्हाला वाचवणार नाही. ई-कॉमर्सचे नियम २०२० साली आले. त्यांत म्हटलंय की माल सदोष असेल, खोटा असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. उशीर आपल्या हाताबाहेरच्या संकटामुळे झाला असेल तर तेवढी सूट आहे. पानावर ‘नो रिटर्न’ कितीही ठळक लिहिलं तरी ही चार कारणं उभीच राहतात. काहीच लिहिलं नाही तर आणखी वाईट. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घेऊन पैसे देण्याची मुदत बिलावर लिहिलेली असेल ती धरतात, आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. शिवाय याच कायद्यानं ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे खेटे तुम्हाला नाशिकचे पडतील, त्यांना निपाणीचे नाहीत.

पण पायाला न बसणं हा त्या चारांतला दोष नव्हे. साइज झाली नाही किंवा रंग मनात भरला नाही म्हणून जोड परत घ्यायचा की नाही, घेतला तर कोणत्या अटीवर, हे तुम्ही ठरवायचं. तुमच्या पानाचं खरं काम तिथंच आहे. इथं एक बारीक गोष्ट मात्र सांभाळा. तुमच्या साइजच्या तक्त्यात तळाची लांबी २५ सेंटीमीटर लिहिली असेल आणि हातानं कापलेला तळ प्रत्यक्षात २४ भरला, तर ती ‘साइज होत नाही’ची तक्रार राहत नाही. तो सांगितल्यासारखा नसलेला माल झाला. म्हणून परत आलेला जोड हातात आला की सगळ्यात आधी टेप लावा.

आता तुमची भीती. परतीचं साफ लिहिलं की लोक सोकावतील आणि कडक लिहिलं की परत येणारे थांबतील, असं तुम्ही धरून चालला आहात. पण तुम्हीच लिहिलंय की दहातल्या दोघांना साइज होत नाही. त्यांचा पाय पान वाचून लहानमोठा होणार नाही. कडक पानानं त्यांचं भांडण तेवढं वाढतं, आणि बाकीच्या आठांतला एखादा पैसे भरायच्या आधीच मागे फिरतो. त्यापेक्षा एकदा हिशेब मांडू. तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत म्हणून सोयीचे धरते, तुम्ही आपले घाला. जोड १,४०० रुपयांचा, पाठवणी ८० रुपये, परत आणायचं कुरियर १०० रुपये. दहा जोड विकले आणि दोन बदलून द्यावे लागले. येण्याजाण्याचा सगळा खर्च तुम्ही सोसलात तर प्रत्येक बदलीला १८० रुपये, दोन बदल्यांना ३६० रुपये. दहा जोडांवर वाटले की जोडामागे ३६ रुपये. परत पाठवायचा खर्च गिऱ्हाइकानं केला आणि दुसरा जोड तुम्ही फुकट पाठवलात, तर दोन बदल्यांचे १६० रुपये, म्हणजे जोडामागे १६. एवढ्यासाठी ‘नो रिटर्न’ची पाटी लावायची का, ते घरात बसून ठरवा.

मी तुमच्या जागी असते तर १६ रुपयांचा मार्ग धरला असता. त्यात गिऱ्हाइकाचेही थोडे पैसे जातात, त्यामुळे ते माप नीट घेऊन ऑर्डर देतं. दुसरी पाठवणी फुकट असल्यानं ते रागावतही नाही. ३६ रुपयांचा मार्ग वाईट नाही, पण त्यात काही लोक दोन साइज मागवून एक परत करायला लागतात, आणि हातानं केलेल्या मालाला ते परवडत नाही. अर्थात साइज न होणाऱ्या दोघांचा आकडा एकावर आणायचा असेल तर परतीच्या पानाइतकंच काम मालाच्या पानावर आहे. कागदावर टाच भिंतीला टेकवून उभं राहा, सगळ्यात लांब बोटाशी खूण करा, अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा, दोन्ही पाय मोजून मोठा धरा, हे चार ओळींत लिहा. बुटाचा नंबर विचारू नका. खरं कोल्हापुरी पायताण पहिले काही दिवस अंगठ्याला आणि पट्ट्याला घट्ट लागतं आणि मग पायाचा आकार घेतं, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला ते सांगावं लागतं, नाहीतर पहिल्याच दिवशी परतीचा मेसेज येतो.

पान लिहायला बसाल तेव्हा ‘धोरण’, ‘अटी’, ‘कंपनीचा निर्णय अंतिम’ असले शब्द बाजूला ठेवा आणि चार माणसं डोळ्यांसमोर आणा. एकीला साइज झाली नाही. एकीला जोड आवडला नाही. एकीच्या चपलेचा कान उसवलेला निघाला किंवा भलताच जोड गेला. एकीला पार्सल वेळेत मिळालं नाही. या चौघींचे प्रश्न तेच असतात: कधीपर्यंत कळवू, कुरियरचे पैसे कोणाचे, मला हातात काय मिळणार आणि किती दिवसांत. उत्तरं मात्र चौघींची वेगळी. मोठ्या दुकानांची पानं घोटाळ्याची वाटतात ती बहुतेक याच कारणानं, चौघींना एकाच परिच्छेदात कोंबलेलं असतं. तुम्ही प्रत्येकीला वेगळा परिच्छेद द्या.

तुमच्या दुकानासाठी मी असं लिहीन. आकडे तुमचे घाला.

‘साइज झाली नाही तर: पार्सल हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ७ दिवसांच्या आत आम्हाला व्हॉट्सअॅपवर कळवा. कळवल्यापासून ५ दिवसांत जोड कुरियरला द्या आणि पावतीचा फोटो पाठवा. तो आमच्याकडे कधी पोचतो ते आम्ही मोजत नाही. परत पाठवायचा खर्च तुमचा. दुसऱ्या साइजचा जोड आम्ही फुकट पाठवू. ती साइज शिल्लक नसेल तर जोडाचे पूर्ण पैसे परत.

आवडला नाही तर: कळवायची आणि पाठवायची मुदत वरचीच. परत पाठवायचा खर्च तुमचा. जोडाची किंमत परत मिळेल, पहिल्या पाठवणीचे पैसे मिळणार नाहीत. उदाहरण: तुम्ही १,४०० अधिक ८० असे १,४८० रुपये भरले असतील तर १,४०० रुपये परत येतील.

उसवलेला, तुटलेला किंवा चुकीचा जोड आला तर: फोटो पाठवा. जोड आम्ही आमच्या खर्चानं परत नेऊ. नवा जोड हवा की पैसे, ते तुम्ही ठरवा. पैसे हवे असतील तर पाठवणीसकट पूर्ण १,४८० रुपये परत मिळतील.’

‘तो आमच्याकडे कधी पोचतो ते आम्ही मोजत नाही’ ही ओळ तुमच्या नाशिकच्या प्रकरणातून आली आहे. कुरियर वाटेत अडकलं तर त्यात गिऱ्हाइकाचा दोष नाही, तुमचाही नाही. दोघांच्या हातात असलेली गोष्ट मोजायची, आणि ती म्हणजे पावतीवरची तारीख.

पहिल्या दोन परिच्छेदांना ‘जोड न वापरलेला असावा’ ही अट लागेल, पण तेवढंच लिहू नका. न वापरलेला म्हणजे काय यावरून पुन्हा भांडण होतं. कातड्याचा तळ रस्त्यावर दहा पावलं चालला तरी त्यावर ओरखडे उठतात आणि माती बसते, पुसून जात नाही. हे तुमच्या दिरांना एका नजरेत कळतं, गिऱ्हाइकाला माहीत नसतं. म्हणून लिहा: ‘जोड घरात चटईवर किंवा चादरीवर घालून बघा. तळावर रस्त्याचे ओरखडे किंवा पाण्याचा डाग असेल तर जोड बदलता येत नाही.’ हीच ओळ छापील चिठ्ठीवर घेऊन प्रत्येक खोक्यात वरच्या बाजूला ठेवा. पान माणूस एकदा वाचतो आणि विसरतो, चिठ्ठी मात्र जोड पायात घालायच्या क्षणी हातात असते.

फोटोबद्दल थोडं. हल्ली बरीच दुकानं ‘पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार घेणार नाही’ असं लिहितात. मला ते पटत नाही. उसवलेला कान फोटोतही दिसतो, आणि कायद्यानं दिलेला हक्क व्हिडिओ नाही म्हणून नाकारता येईल असं नियमांत कुठं म्हटलेलं नाही. व्हिडिओ असेल तर पाठवा, एवढंच लिहा.

पाठवणीच्या पानावर एकच आकडा लिहायची चूक मी स्वतः केली आहे. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकरांच्या साड्या मी काही वर्षं पार्सलनं पाठवत होते. ‘साधारण चार दिवसांत’ असं लिहायची. साखरपुड्यासाठी मागवलेली एक साडी नवव्या दिवशी पोचली, कार्यक्रम होऊन गेल्यावर. त्या मुलीच्या आईचा फोन मी अजून विसरले नाही. ‘साधारण’ हा माझा बचाव होता, पण त्यांनी तारीख ‘चार’वरून धरली होती आणि त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी दोन आकडे वेगळे लिहिते, किती दिवसांत आमच्याकडून निघेल आणि त्यापुढे वाटेत किती लागतील. पहिला तुमच्या हातात आहे, दुसरा कुरियरच्या. समजा, तुम्ही लिहिलंत की तयार जोड २ कामाच्या दिवसांत निघतो आणि महाराष्ट्रात पोचायला पुढे ३ ते ६ दिवस लागतात. शनिवारी संध्याकाळी आलेली ऑर्डर मग कशी मोजायची? रविवार सुट्टीचा, सोमवार पहिला दिवस, मंगळवार दुसरा. मंगळवारी माल निघाला की पुढच्या सोमवारपर्यंत पोचायला हवा. पानावर हे उदाहरण असंच्या असं लिहा, ‘कामाचे दिवस’ म्हणजे रविवार आणि सण सोडून हेही लिहा, आणि शेवटी एकच कमाल आकडा द्या: ‘ऑर्डरपासून १० दिवसांत जोड मिळाला नाही तर तुम्ही ऑर्डर रद्द करू शकता, सगळे पैसे परत मिळतील.’ चौथ्या बाईचा परिच्छेद तो हाच. उशिरा पोचलेला माल परत घ्यावाच लागतो, मग आकडा असा लिहा की तो तुम्हाला पाळता येईल. पावसाळ्यात कातडं वाळत नाही आणि काम मंदावतं, तेव्हा जूनमध्ये आकडे बदला आणि पानाच्या वर बदलाची तारीख टाका. आधीच्या ऑर्डरला आधीचेच आकडे लागू राहतील.

आपल्या भागाची एक अडचण बाहेरच्यांच्या पानांत सापडणार नाही. सीमाप्रश्नाचं वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद पडतात, कधी हद्दीवरून परत फिरतात. कोल्हापूर-सांगलीच्या गिऱ्हाइकांना तुम्ही बसनं पार्सल देत असाल तर तेही थांबतं. त्याला ‘अपरिहार्य कारणास्तव’ म्हणू नका. ‘रस्ता किंवा बस बंद झाल्यानं पार्सल अडकलं तर त्याच दिवशी कळवू. थांबायचं की पैसे परत घ्यायचे, ते तुम्ही ठरवा’, असं लिहा. कोल्हापूर तासाभरावर असलं तरी राज्य दुसरं, त्यामुळे तिथली पाठवणी किती रुपयांची हेही आकड्यात द्या. पैसे भरायच्या आधी जोड, पाठवणी आणि एकूण रक्कम एका जागी दिसायला हवी, नियम तसाच आहे.

‘रिफंड’ या शब्दाखाली दोन गोष्टी स्पष्ट करा. एक, पैसे म्हणजे पैसे, पुढच्या खरेदीचं कूपन नव्हे. कूपन द्यायचं असेल तर विचारून द्या. दोन, पुन्हा दोन वेगळे आकडे: ‘जोड आमच्याकडे आल्यावर २ दिवसांत आम्ही तपासून पैसे सोडतो. त्यानंतर बँकेतून खात्यात दिसायला ५ ते ७ कामाचे दिवस लागू शकतात.’ पैसे सोडले की व्यवहाराचा क्रमांक मेसेजवर कळवा, म्हणजे रोज ‘आले नाहीत’ म्हणून फोन येत नाही. घरपोच रोख दिलेल्यांकडून यूपीआय आयडी मागावा लागेल. तिथं एक ओळ जरूर टाका: ‘पैसे परत घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. आम्ही पिन किंवा ओटीपी कधीच विचारत नाही.’ रिफंडच्या नावाखाली लोकांना लुबाडणारे फार झालेत, आणि तुमच्या दुकानाचं नाव त्यात यायला नको.

ऑर्डर रद्द करण्याचंही याच पानावर येऊ द्या. जोड निघायच्या आत रद्द केली तर पूर्ण पैसे परत, एवढं सोपं ठेवा. रद्द करायचा दंड लावायचा झाला तर तुम्ही स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर तसाच दंड तुम्हीही सोसायला हवा, असा नियम आहे. छोट्या दुकानानं त्यात पडू नये. पायाचं माप घेऊन खास केलेल्या जोडाला ‘साइज’ आणि ‘आवडला नाही’ हे दोन परिच्छेद लागू नाहीत असं तुम्ही ठरवू शकता, पण ते ऑर्डर घेतानाच सांगा. उसवला किंवा दिलेल्या मापाचा निघाला नाही, तर तोही परत घ्यावा लागेल.

पानाच्या तळाशी दुकानाचं कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता, फोन आणि तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव हवं. ते नाव तुमचं असू शकतं. तक्रार मिळाली एवढं ४८ तासांत कळवायचं आणि एका महिन्यात निकाली काढायची, अशी मुदत नियमांत आहे. तीही लिहा.

भाषेचं म्हणाल तर मराठीत जरूर लिहा, गिऱ्हाईक मराठी आहे. कन्नड आणि इंग्रजी वाचणारेही येत असतील तर त्या भाषांतही द्या, पण आधी मराठी पक्कं करा आणि त्यावरूनच बाकीची करून घ्या. तिन्हीकडचे आकडे बोट ठेवून जुळवा. मराठीत ७ आणि कन्नडमध्ये १० दिवस निघाले तर गिऱ्हाईक १० वर बोट ठेवणार. पान झालं की धंद्याशी संबंध नसलेल्या कोणाला तरी, शेजारच्या काकूंना म्हणा, वाचायला द्या आणि विचारा: ‘सोमवारी जोड मिळाला, घट्ट आहे. कधीपर्यंत कळवाल, खिशातून किती जातील?’ त्यांनी ‘पुढच्या सोमवारपर्यंत, जायच्या कुरियरचे तेवढे’ असं सांगितलं तर पान तयार. त्या अडखळल्या तर काकूंना समजावू नका, वाक्य बदला. आणि व्हॉट्सअॅपवरच ऑर्डर घेत असाल तर किंमत सांगताना या पानाची लिंकही पाठवा. पैसे घेतल्यावर दाखवलेलं पान उपयोगाचं नाही.

आता नाशिकच्या बाई. त्यांचा जोड तुमच्याकडे आहे. तळ उजेडात धरून बघा, मग तक्त्याप्रमाणे टेप लावा. माप बरोबर आणि तळ कोरा असेल तर आज संध्याकाळीच त्यांना लिहा: ‘ताई, आमच्या पानावर सात दिवस कशाचे ते नीट लिहिलेलं नव्हतं. तुम्ही वेळेत कळवलं होतं. तुम्हाला मोठ्या साइजचा जोड आमच्या खर्चानं पाठवू की १,४०० रुपये परत करू? पैसे हवे असतील तर उद्या दुपारपर्यंत सोडते आणि व्यवहाराचा क्रमांक कळवते.’ तळ मापात कमी भरला तर १,४०० च्या जागी १,४८० लिहा, आणि परत पाठवायला त्यांना जो खर्च आला त्याची पावती मागवून तेही द्या.